बांबूवरचा टॉवेल

दादू मुकादम आठ महिन्यांनी घरी आला, तेव्हा त्याने आधी बांबूकडे पाहिलं. बांबू अंगणाच्या कडेला होता तसाच उभा होता. वरची दोरी उन्हापावसाने कुजली होती. बाकी काही बिघडलं नव्हतं.

होळीच्या आदल्या दिवशी तो पायरीवरून घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. मग मुलीने, अश्विनीने, त्याला भोंगवलीला आपल्या घरी नेलं. निघताना तिने विचारलं होतं, "तुमचा मोबाईल घेऊ का?" तो म्हणाला, "तुझा हाय की. एका घरात दोन दोन रिचार्ज कशाला?" मोबाईल पत्र्याच्या पेटीत राहिला. पेटीला कुलूप, घराला कुलूप.

आता त्याने पेटी उघडली. मोबाईल चार्जिंगला लावला. अर्ध्या तासाने तो पेटला. वर रेघा दिसेनात. डोंगराआड रेंज तशीही कमीच, म्हणून तो काठी टेकत रस्त्यापर्यंत आला. तिथे तर पूर्ण रेघा यायच्या. तिथेही एकही आली नाही.

दादूने आयुष्यभर दगड बसवले होते. कालव्याच्या काठाचं दगडी अस्तर, म्हणजे पिचिंग, रस्त्याची मोरी, धरणाखालची भिंत. दगड टाकायचा नसतो, त्याचं तोंड बघून बसवायचा असतो, असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा. त्याच्या हाताखाली बारा माणसं होती. सरकारी कागद करायची वेळ आली तेव्हा त्या सगळ्यांत मोबाईल एकट्या दादूकडे होता. आधारवर नंबर कुणाचा? दादूचा. बँकेत? दादूचा. "माझा टाका," तो म्हणायचा आणि ताठ उभा राहायचा.

पुढे कुणाची पोरं मोठी झाली, कुणी स्वतःचा मोबाईल घेतला, तिघंजण वारले. राहिली एक धोंडाबाई. वरच्या वाडीत एकटी राहायची. दादूपेक्षा पाच वर्षांनी मोठी, आणि पिचिंगवर त्याच्या बरोबरीने दगड उचललेली. तिला श्रावणबाळचा पगार होता. वाडीत त्या पेन्शनला सगळे पगारच म्हणत. पगार जमा झाल्याचा मेसेज दादूच्या मोबाईलवर यायचा. मग दादू बांबूवर पांढरा टॉवेल चढवायचा. वरच्या वाडीतून तो दिसायचा. टॉवेल दिसला की दुसऱ्या दिवशी धोंडाबाई पिशवी घेऊन एसटीला खाली यायची. कचेरीचा काही मेसेज आला तर दादू स्वतः वर जायचा. सहा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

रस्त्यावर उभ्या दादूला आता कळलं, आठ महिने रिचार्ज न मारलेला नंबर बंद पडला होता. भोंगवलीला असताना त्याला एकदा धोंडाबाईची आठवण झाली होती. 'सांगेल कुणीतरी तिला,' असं मनात म्हणून तो कुशीवर वळला होता.

दुसऱ्या दिवशी तो वरच्या वाडीला निघाला. पूर्वी ही चढण एक बिडी संपायच्या आत व्हायची. आज तो सात ठिकाणी बसला. खाचरांत भात झोडणी चालू होती. कुणी हाक मारली तरी त्याने नुसता हात वर केला.

धोंडाबाई दारात पेंढा सारखा करत होती. ती वाळली होती. गळ्याची हाडं वर आली होती.

"आलास का, मुकादम? आरं, पायाचा पार कोयता झालाय की!"

"आक्का, पगार येतोय का?"

"न्हाई. गणपतीपासनं न्हाई." ती हात झटकत म्हणाली. "शेजारच्या वनिताबरं दोनदा ब्यांकेत जाऊन आले. ब्यांकवाला म्हणला जमा न्हाई. म्या म्हणलं, आसंल. टावेल तर लागलाच न्हाई, मंग पैसं कशाला येतील?"

दादू ओट्यावर बसला. तिच्या मनात टॉवेल आणि पगार यांची अशी गाठ बसली होती, आणि ती गाठ त्यानेच मारली होती.

"इतके दिस काय खाल्लंस?"

"भाताला गेले की दुसऱ्याच्यात. पायली-अर्धी पायली दिली त्यांनी. गोळ्या तेवढ्या ऱ्हायल्या." ती बीपीच्या गोळ्यांचं बोलत होती. "आता तू आलास. लाव टावेल."

दादूने मान खाली घातली. "आक्का, माझा नंबर बंद पडलाय."

"मंग चालू कर."

"उद्या वेल्ह्याला कचेरीत जाऊ. आधार घे, पासबुक घे."

मंगळवारी दोघं पहिल्या एसटीने गेले. तहसील कचेरीत पेन्शनच्या टेबलावर शिवानी नावाची तरुण बाई होती. तिने धोंडाबाईचं आधार घेतलं, कॉम्प्युटरवर आकडे टाकले आणि थांबली.

"आजी, तुमची पडताळणी राहिलीय. लाभार्थी हयात आहे का, आधार जुळतं का, ते बघायचं होतं. तुम्हाला तीन मेसेज गेलेत. आलाच नाहीत तुम्ही."

"मला कसला मेसेज? मला वाचाय कुठं येतंय?"

"ग्रामपंचायतीत यादीपण लावली होती."

"ती बी वाचायचीच ना?"

शिवानीला हसू आलं, पण ते लगेच गेलं. "पैसे थांबवलेत. नाव अजून कापलेलं नाही. या महिन्यात पडताळणी झाली नाही, तर यादी समितीपुढे जाणार. तिथं नाव कमी झालं की नव्याने अर्ज करायचा. उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, सगळं पहिल्यापासून. किती महिने जातील, सांगता येत नाही."

"महिना कधी संपतो?" दादूने विचारलं.

"तीस तारखेला रविवार आहे. शनिवारी कचेरी बंद. म्हणजे शुक्रवारच धरा."

आज मंगळवार. दादूने बोटावर मोजलं. आज धरून चारच दिवस.

"आत्ताच करून टाकू, आजी. अंगठा ठेवा." शिवानीने लहान मशीन पुढे केलं. धोंडाबाईने अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा. लाल. मग एकेक बोट. शिवानीने ओल्या कपड्याने बोटं पुसून दिली. तरी लाल. दादूने धोंडाबाईच्या हाताकडे पाहिलं. बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत होती. तीस वर्षांच्या दगडांनी रेषा खाऊन टाकल्या होत्या.

"ठीक आहे. मग ओटीपी करू. आधारला जोडलेल्या मोबाईलवर आकडा येईल, तो मला सांगायचा. शेवटचे चार आकडे," शिवानीने स्क्रीनवरचे आकडे वाचले, "हा नंबर कुणाकडे आहे?"

"माझा," दादू म्हणाला. "पण बंद हाय. म्या आठ महिने रिचार्ज मारला न्हाई."

"आठ महिने?" तिने वर पाहिलं. पेन्शनच्या यादीत तोच नंबर पूर्ण लिहिलेला होता. तिने टेबलावरचा फोन उचलला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

रिंग वाजली.

दादूचा हात नकळत खिशावर गेला. खिशातला मोबाईल गप्प होता. आणि समोर, टेबलावर, त्याचा नंबर वाजत होता. एकदा, दोनदा, तीनदा.

"हॅलो, कोण?" पुरुषाचा आवाज. मागे गाड्यांचे हॉर्न.

शिवानीने नाव सांगून विचारलं. माणूस म्हणाला, "मी जालन्याला असतो, मॅडम. दिवाळीच्या आधी घेतलंय हे सिम. कुण्या धोंडाबाईचा मेसेज आला होता एक. मी डिलीट केला. आमच्यात कुणी धोंडाबाई नाही."

"आं!" धोंडाबाई पुढे वाकली. "मी हाय की हितं, बाबा! मला कशाला पुसलंस?"

फोन ठेवल्यावर शिवानी शांतपणे बोलली. "बाबा, रिचार्ज संपून तीन महिने नंबर वापरला नाही की कंपनी बंद करते. मग काही महिने तो तसाच ठेवतात आणि दुसऱ्याला देतात. आता तो तुम्हाला परत मिळत नाही."

"आणि हिचे आकडे त्याच्याकडं जाणार?"

"आधारला तो नंबर आहे तोवर जाणार. माणूस बरा दिसतोय. पण सगळेच तसे नसतात. बदलून टाका. आणि ऐका, एका जागी बदलून होत नाही. आधारला वेगळा, बँकेत वेगळा, आमच्याकडे वेगळा. एकीकडे दिला म्हणजे दुसरीकडे आपोआप जात नाही."

"आधारला कसा बदलायचा?"

"केंद्रावर जायचं. कागद काही लागत नाही, आधार न्या आणि माणूस स्वतः पाहिजे. बोटं नाहीतर डोळा घेतात. डोळ्याचं मशीन त्यांच्याकडे असतं. नवीन नंबर लागायला दोन-तीन दिवस जातात, कधी जास्त."

बाहेर वडाखाली दोघं बसले. धोंडाबाईने पिशवीतून भाकरी काढली. दादूने घेतली नाही.

"मुकादम, तोंड कशाला पाडतोस? नवा नंबर घे आन् टाक तुझाच."

"न्हाई."

"का? सा वर्सं तुझाच व्हता."

"म्हणूनच." तो काठीने माती उकरत राहिला. "आक्का, तुला मेसेज म्या चुकवला. पेटीत टाकून गेलो. उद्या परत पडलो, मेलो, तर? नंबर तुझा पायजे. तुझ्या नावाचा."

"मला न्हाई त्यातलं कळत."

"कळंल."

"दगडाला कळंल, मला न्हाई कळणार," ती म्हणाली, पण भाकरी गुंडाळून उठली.

बाजारपेठेतल्या दुकानात दादूने बटणांचा साधा मोबाईल घेतला. वरच्या वाडीत एकाच कंपनीची रेंज लागते, ते त्याने आधी विचारून घेतलं. दुकानदाराने सिमसाठी धोंडाबाईचा आणि आधारचा फोटो काढला. ती फोटोला डोळे विस्फारून उभी राहिली. संध्याकाळच्या एसटीत असताना तिच्या पिशवीत पहिल्यांदा टुण्ण वाजलं आणि ती अशी दचकली की पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं.

"सिम चालू झालं," दादूने वाचून सांगितलं.

"मंग वाजायचं काय कारण?"

बुधवारी आधार केंद्रावर दहावा नंबर होता. दुपार झाली. मशीनवरच्या माणसाने नवा नंबर टाकला आणि बोटं मागितली. दहा बोटं, दहाही वाया गेली.

"डोळे," तो म्हणाला.

दुर्बिणीसारखं यंत्र तिच्या डोळ्यांना लावलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. बाहुली दुधाळ. यंत्राने तो घेतलाच नाही. दादू कठड्याला धरून उभा होता. हे गेलं की काही उरत नाही, एवढं त्याला कळत होतं. जिवंत बाई समोर बसलेली, आणि ती तीच आहे हे सांगायला तिच्याकडे एक डोळा शिल्लक.

"डावा. हलू नका, आजी. पापणी मिटू नका."

पापणी मिटली. परत. परत मिटली. रांगेतला एक माणूस म्हणाला, "उद्या या म्हणावं."

दादू वळला. "उद्या न्हाई जमायचं. गप ऱ्हावा जरा." मग तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आक्का, मोठा दगड वर येतोय. तू खालनं धरलाईस. डोळा मिटला की सुटला."

धोंडाबाईने मांडीवर मुठी आवळल्या. डावा डोळा उघडा राहिला. पाण्याने भरला तरी उघडा राहिला.

"आला," मशीनवाला म्हणाला. त्याने पावती दिली.

दादूने पावती घडी करून तिच्या पासबुकात ठेवली.

तिथून बँकेत. मोबाईल बदलायचा फॉर्म दादूने भरला, तिने अंगठा उठवला. तिथल्या बाईला अंगठ्याच्या रेषांशी काही देणंघेणं नव्हतं, शाईचा ठिपका पुरला.

परतताना दादूने तिला शिकवलं. "वाजला की बघायचं. कुणी फोन करून आकडा विचारला तर?"

"सांगायचा न्हाई."

"ब्यांकेतनं बोलतोय म्हणला तर?"

"तरी न्हाई."

"म्या म्हणलो तर?"

ती थांबली. "तू समोर आसशील तर सांगीन. फोनवर तुला बी न्हाई."

"बरोबर. आन् वाजला पण कळंना काय आलंय, तर तुझं हिरवं लुगडं गोठ्याच्या मेढीवर टाक. मला खालनं दिसंल. म्या वर येतो."

"ह्या पायानं?"

"ह्याच पायानं."

गुरुवारी तो सकाळपासून अंगणात बसला. वर गोठा दिसत होता, त्याचा खांब, ती मेढ, दिसत होती. लुगडं नाही. दुपारी वाऱ्याने काहीतरी हललं तसा तो उठून उभा राहिला. पिंपळाची फांदी होती. अश्विनीचा फोन शेजारच्या मंगलकडे आला, "बाबांना औषध घ्यायला सांगा." त्याने औषध घेतलं की नाही ते त्याला नंतर आठवेना. त्याला वाटू लागलं की डोळा चुकीचा घेतला असेल. मशीनवाल्याने नंबरातला एक आकडा चुकवला असेल. किंवा मेसेज आला असेल आणि बाई भाताला गेली असेल, मोबाईल घरात वाजून गप्प झाला असेल. ऊन डोंगरामागे गेलं तरी मेढ तशीच होती.

शुक्रवारी उजाडताना त्याने दार उघडलं. मेढीवर हिरवं.

तो चढला. पाच ठिकाणी बसला, दोन ठिकाणं त्याने मुद्दाम गाळली. धोंडाबाई मोबाईल ताटलीत ठेवून ताटलीसमोर बसली होती.

"कालच्याला दिवा लागणीला वाजला. अंधारात लुगडं कुणाला दिसायचं?"

त्याने वाचलं. आधारला मोबाईल नंबर जोडला गेला आहे. त्याने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "चल. एसटी गेली तर टेम्पो धरू."

एसटी गेलीच होती. दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मध्ये बसून ते आले. कचेरी उघडली तेव्हा दोघं पायरीवर होते.

शिवानीने आकडे टाकले. "आता मेसेज येईल. दहा मिनिटं चालतो."

टेबलापाशी रेंज नव्हती. धोंडाबाई मोबाईल हातात धरून पुतळ्यासारखी उभी. एक मिनिट गेलं. दोन. दादूने तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि खिडकीबाहेर हात काढला. त्याचा खुबा दुखत होता. मोबाईल खाली पडला तर? त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

टुण्ण.

त्याने सहा आकडे एकेक करून वाचले. शेवटचा आकडा त्याने परत सांगितला.

"झालं," शिवानी म्हणाली. तिने यादीतला जुना नंबरही खोडून नवा घातला. "थांबलेले पैसे पुढच्या हप्त्याबरोबर यायला पाहिजेत. पण कधी, ते मी सांगू शकत नाही."

"आले न्हाईत तर?"

"तर परत या. नाव आता कापलं जात नाही."

ती एवढं म्हणाली तरी दादूला नीट झोप लागेना. पंधरा दिवस गेले, वीस गेले. धोंडाबाई भाकरीबरोबर काय खात असेल याचा तो हिशेब करत राही, आणि डाळ, तेल, गोळ्यांची चिठ्ठी करून वनिताबरोबर वर पाठवी. रोज सकाळी दार उघडलं की पहिली नजर मेढीवर.

एका सकाळी लुगडं दिसलं. तो जवळजवळ धावला. चढणीवर दम लागून डोळ्यांपुढे अंधारी आली.

"वाचतोस का बसतोस आधी?" धोंडाबाई पाणी घेऊन उभी होती.

त्याने वाचलं. पगार नव्हता. रिचार्ज दोन दिवसांत संपत होता, कंपनीचा मेसेज होता. अठ्ठावीस दिवस. ते त्याच्या डोक्यातून गेलेच होते. ती पेटी, ते कुलूप, ती आठ महिन्यांची चूक, सगळं परत त्याच्यासमोर उभं राहिलं.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, मला खायाला घाल."

"आता त्याला बी?"

दादू पाणी न पिता उतरला. खाली दुकानावर जाऊन त्याने रिचार्ज मारला. हा मोठ्या मुदतीचा. मग घरी येऊन त्याने चुलीतला कोळसा घेतला आणि दाराच्या आतल्या भिंतीवर मुदत संपायची तारीख लिहिली. मोठी लिहिली. तरी भरवसा वाटला नाही, म्हणून मंगलला बोलावून तिच्या मोबाईलवर आठवणही लावून घेतली, चार दिवस अगोदरची.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी परत लुगडं. दादूला वाटलं, आता काय? नंबर चुकला? कंपनीने बंद केला? तो चढत होता आणि प्रत्येक वळणाला त्याला एक नवी भीती भेटत होती.

धोंडाबाईने मोबाईल त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं. बँकेचा होता. थांबलेले तीन महिने आणि चालू महिना, एकदम.

"आक्का, आला पगार."

तिने लुगडं मेढीवरून ओढून काढलं, झटकलं, घडी घातली. "म्हंजी नाव हाय माझं अजून."

"हाय."

"उद्या गोळ्या आणते." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू असा पांढरा का पडलाईस? पैसं माझं, भ्या तुला?"

दादूने मोबाईलची बॅटरी किती आहे ते पाहिलं. दोन रेघा होत्या. "चार्जिंगला लाव," तो म्हणाला, आणि ती लावेपर्यंत तिथून हलला नाही.